दुपट्यात बाळाचे पाय मोकळे ठेवा

ताई, आजी म्हणतील, पाय सरळ करून घट्ट बांध, नाहीतर वाकडे राहतील. इथे मात्र त्यांचं ऐकू नका. नवजात बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेलेच असतात. ते ताणून बांधले तर मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या कोवळ्या खोबणीतून सरकू शकतो.

दुपट्याचा वरचा कोपरा दुमडा, खांदे त्या घडीवर येऊ द्या. दोन्ही बाजू छातीवरून घ्या, तुमची दोन-तीन बोटं आत सहज जायला हवीत. खालचा भाग पिशवीसारखा सैल सोडा. आता बाहेरून बघा: गुडघे वर येऊन बाजूला फाकतात ना? पाय काठीसारखे जुळलेले दिसले, तर सोडून पुन्हा गुंडाळा.

जळगावच्या मे महिन्यात जुन्या सुती लुगड्याचा एकच पदर पुरे, टोपरं नको. मान किंवा छाती घामेजली, तर लगेच मोकळं करा.

गुंडाळलेलं बाळ नेहमी पाठीवरच झोपवा. कुशीवर वळायची धडपड दिसली, की त्याच दिवसापासून गुंडाळणं बंद. काही बाळं दोन महिन्यांतच वळू लागतात, आणि पालथं पडलेल्या बाळाला बांधलेल्या हातांनी तोंड वर काढता येत नाही.