आधी सोनोग्राफी, मग सासूबाई

ताई, माझं वय ३३, लग्नाला आठ वर्षं झाली. पुण्यात आयव्हीएफ केलं, दोन गर्भ सोडले होते आणि देवाच्या कृपेने या वेळी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्या दिवसापासून सासूबाईंनी मला चिपळूणजवळच्या गावी आणून ठेवलंय. प्रेमानेच करतात, खोटं कशाला बोलू. पण तिसरा महिना पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, माझ्या आईलासुद्धा नाही, असा त्यांचा हुकूम आहे. आईला मागाहून कळलं तर ती आयुष्यभर बोलून दाखवेल. नवरा दोघींच्या मध्ये पडत नाही. बाकी सगळं ठीक. बीटा आधी ११८ होता, दोन दिवसांनी १६०, म्हणजे वाढतोय. क्लिनिकमधून सोनोग्राफीसाठी दोनदा फोन आला, पण घाटातून प्रवास नको म्हणून ती राहिलीय. ट्रान्सफरला आज ३१ दिवस झाले. उजवीकडे ओटीपोटात गॅस धरतो आणि मधूनमधून तपकिरी डाग दिसतो, तो खालून ठेवायच्या गोळ्यांमुळे असावा. ट्यूबच्या टीबीचा कोर्स पूर्वीच पूर्ण झालाय. आईला सांगू की नको?

— नाव छापू नका

(हे उत्तर पत्र आलं त्याच सकाळी तिला मेलने पाठवलं. छापताना फक्त इतर वाचकांसाठी एक परिच्छेद वाढवला आहे.)

अगं, आईचं राहू दे. सासूबाईंचंही राहू दे. तू आज, म्हणजे आजच, सोनोग्राफी करून घे. पुण्याला जायची गरज नाही. चिपळुणातल्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आतून केलेली सोनोग्राफी चालेल. घाट आडवा येतच नाही.

तू ‘बाकी सगळं ठीक’ लिहिलंस आणि त्याच्यापुढे एकेक गोष्ट अशी सांगितलीस की माझा चहा तसाच राहिला. त्या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकली ती राहिलेली सोनोग्राफी. बीटाची, म्हणजे रक्तातल्या गरोदरपणाच्या हार्मोनची, तपासणी एवढंच सांगते की गर्भ रुजलाय. कुठे रुजलाय ते ती सांगत नाही. तुझ्या घरात इतके दिवस ज्या बातमीचं गुपित सांभाळलं जातंय, तिचा अर्धा भाग अजून कुणी पाहिलेलाच नाही.

आता तुझे ते दोन आकडे. बीटा ‘वाढतोय’ हे पुरेसं नसतं, किती वेगाने वाढतोय ते बघतात. सुरुवातीचा आकडा दीड हजारांच्या आत असेल, तर गर्भाशयात नीट वाढणाऱ्या गर्भाचा बीटा ४८ तासांत साधारण निम्म्याने तरी चढतो. तुझा ११८ वरून निदान १७६च्या आसपास जायला हवा होता, तो १६० वर थांबला. याचे अर्थ दोनच नाहीत. गर्भ गर्भाशयातच असून कमजोर असेल, क्वचित चांगलाही असेल, किंवा तो नळीत, म्हणजे ट्यूबमध्ये, असेल. घरी बसून यातलं काय आहे ते ना तुला कळेल, ना मला. क्लिनिकवाल्यांनी दोनदा फोन केला तो याचसाठी.

तू म्हणशील, डॉक्टरांनी गर्भ गर्भाशयात सोडला, मग तो नळीत जाईल कसा? जातो. सोडलेला गर्भ लगेच चिकटत नाही, एक-दोन दिवस गर्भाशयातल्या ओलाव्यात तरंगत असतो. गर्भाशयाचे स्नायू मंदपणे हलत असतात, त्या हालचालीत तो वर नळीच्या तोंडाशी जाऊ शकतो. निरोगी नळीच्या आतल्या बारीक केसांसारख्या तंतूंची लाट गर्भाशयाकडे असते, ती त्याला परत लोटते. टीबी नेमके हे तंतू खातो. औषधांनी जंतू मरतात, कोर्स पूर्ण होतो, पण खराब झालेली नळी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. आत वण राहतात, कुठे चिकटून कप्पे तयार होतात आणि तिथे गेलेला गर्भ अडकतो. म्हणून ‘कोर्स पूर्ण झालाय’ हे तुझ्या पत्रातलं दिलासा देणारं वाक्य मला उलट घाबरवून गेलं. आयव्हीएफच्या इतिहासातही हे पहिल्यापासून आहे. लुईझ ब्राउनचा जन्म १९७८चा, पण त्याच्या दोन वर्षं आधी एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका आयव्हीएफ गर्भधारणेची नोंद छापली होती. तो गर्भ नळीतच होता.

नळीची भिंत गर्भाशयासारखी जाड आणि ताणली जाणारी नसते. गर्भ वाढला की ती फाटते आणि रक्त पोटाच्या आत जातं. बाहेर मात्र चार तपकिरी डागच दिसतात, त्यामुळे बाहेरच्या रक्तावरून आतल्या रक्ताचा अंदाज बांधता येत नाही. तुझ्या बाबतीत फसगत दुहेरी आहे. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी खरोखरच पोट फुगतं, शौचाला घट्ट होते, खालून गोळी ठेवताना थोडं खरचटून डागही पडू शकतो. म्हणजे तुझ्याकडे प्रत्येक लक्षणाचं खरं वाटणारं कारण तयार आहे. पण गॅस जागा बदलतो, कधी डावीकडे कधी उजवीकडे, आणि सुटला की बरं वाटतं. रोज एकाच बाजूला, एकाच ठिकाणी धरणाऱ्या दुखण्याला या दिवसांत सोनोग्राफी होईपर्यंत गॅस म्हणायचं नाही.

आता केंद्रावर काय होईल ते नीट ऐक, कारण घोळ तिथेही होतो. पोटावरून नको, आतून सोनोग्राफी करा असं सांग. त्यासाठी लघवी रोखून धरायची गरज नाही आणि अशा सोनोग्राफीने गर्भाला काही होत नाही. सोबत फाइल ने, बीटाचे दोन्ही रिपोर्ट आणि ट्रान्सफरची तारीख लिहिलेला कागद. तो कागद सगळ्यात महत्त्वाचा. गर्भाशय रिकामं दिसलं तर कुणी म्हणेल, ‘अजून लवकर आहे, पंधरा दिवसांनी या.’ एरवी हे बरोबरही असतं, कारण पाळीची तारीख पुढेमागे झालेली असू शकते. आयव्हीएफमध्ये तारीख चुकत नाही. पाच दिवसांचा गर्भ सोडला असेल, तर ट्रान्सफरचा दिवस हा गरोदरपणाचा एकोणिसावा दिवस धरतात. त्यात ३१ मिळव, आज पन्नास दिवस, म्हणजे सात आठवडे पूर्ण. तीन दिवसांचा सोडला असेल तर दोन दिवस कमी, त्याने फारसं बिघडत नाही. या वेळी गर्भाशयात पिशवी, तिच्या आत गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पीतक पिशवी आणि बहुधा ठोकेही दिसायला हवेत. नुसती काळी पोकळी दिसली तरी पुरत नाही. नळीत गर्भ असताना गर्भाशयात थोडं पाणी साठून पिशवीचा भास होतो, म्हणून आतली पीतक पिशवी दिसेपर्यंत खात्री धरत नाहीत. काहीच दिसलं नाही, तर पंधरा दिवसांची तारीख घेऊन घरी येऊ नकोस. ‘ट्रान्सफर अमुक तारखेची आहे, ट्यूबचा टीबी होऊन गेलाय’ असं सांग, त्याच दिवशी बीटा पुन्हा कर आणि केंद्रातूनच पुण्याच्या डॉक्टरांना फोन लाव.

आणि गर्भाशयात पिशवी दिसली तर? आनंद आहेच. पण दोन गर्भ सोडले होते. एक जागेवर आणि दुसरा नळीत, असं आपोआप राहिलेल्या दिवसांत फार विरळ असतं, आयव्हीएफनंतर मात्र ते विसरून चालत नाही. तेव्हा तुझी उजवी बाजू बघितल्याशिवाय टेबलावरून उठू नकोस.

नळीत निघालाच, तर लवकर कळण्याचा फायदा हा की मार्ग उरतात. नळी फाटलेली नसेल, बीटा कमी असेल, ठोके नसतील आणि गाठ लहान असेल, तर गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनने भागू शकतं. मग चौथ्या आणि सातव्या दिवशी बीटा करतात, या दोन्हींमध्ये तो पुरेसा उतरला की इंजेक्शन लागू पडलं असं धरतात. त्या काळात फॉलिक अॅसिडची गोळी बंद ठेवतात, कारण ती औषधाच्या विरुद्ध काम करते. हे जमण्यासारखं नसेल तर दुर्बिणीचं ऑपरेशन. नळीतला गर्भ उचलून गर्भाशयात ठेवता येत नाही, हे मी तुला आत्ताच सांगते, म्हणजे तिथे ऐन वेळी कुणी आशेने विचारत बसणार नाही. नळी गेली तरी पुढच्या आयव्हीएफचा रस्ता बंद होत नाही. फाटून, रक्त चढवत, मध्यरात्री पोट उघडावं लागलं तर मात्र तुझ्या जिवावर बेतेल.

(इतरांसाठी: कॉपर-टी असताना किंवा कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असताना पाळी चुकली आणि टेस्टवर दोन रेघा आल्या, तर ‘काहीतरी चुकतंय, मला दिवस जाणारच नाहीत’ म्हणून ती पट्टी फेकून देऊ नका. या दोन्हींत दिवस क्वचितच जातात. पण गेलेच, तर ते नळीत असण्याची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त असते. पूर्वी एकदा नळीत गर्भ राहिलेल्या बाईलाही हेच लागू. टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.)

सासूबाईंना मी काही समजावणार नाही. त्यांना वाटतं गाडीच्या हिसक्याने गर्भ सुटतो. सुटत नाही, आणि झोपून राहिल्याने धरलाही जात नाही. त्यांचं प्रेम खरं असेल, पण क्लिनिकचा फोन टाळून केलेल्या प्रेमाचं मला कौतुक नाही. तुझ्या नवऱ्याचंही नाही. दोघींच्या मध्ये न पडण्याची त्याची सोय आता पुरे झाली, आज गाडी त्यानेच काढायची. तो पुण्यात असेल तर रिक्षा कर, पण त्याच्यासाठी थांबू नकोस.

आणि हो, आईला सांग. आत्ताच फोन कर. मान राखण्यासाठी नव्हे, तर शेजारी बसून ‘हिला पंधरा दिवसांनी बोलावू नका’ असं ठणकावून म्हणणारं माणूस तुला हवंय म्हणून. तिला यायला वेळ लागणार असेल तर फोनवर ठेव. तिच्याकडून रक्तगटही विचारून घे. तो निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना सांगायचं, मग अँटी-डी इंजेक्शन लागेल का ते ते ठरवतील.

निघायच्या आधीच पोटात एकदम जोराची कळ आली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, दरदरून घाम सुटला, शौचाला लागल्यासारखं होऊन काहीच झालं नाही, किंवा आडवं पडल्यावर खांद्याच्या टोकाशी दुखू लागलं, तर सोनोग्राफी केंद्र शोधत बसायचं नाही. खांद्याला काही झालेलं नसतं, पोटात साठलेलं रक्त वरच्या पडद्याला लागतं आणि त्याची कळ खांद्यात उठते. अशा वेळी काही खायचं नाही, पाणीही नाही, कारण भूल द्यावी लागेल. १०८ला फोन लावायचा, रक्त आणि ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायला सांगायचं आणि दारातच बोलायचं, ‘सात आठवडे, आयव्हीएफ, गर्भ नळीत असू शकतो.’ पोट दुखतंय एवढंच सांगितलंस तर तुला ओपीडीच्या रांगेत बसवतील.