मशीन लिफ्टमध्ये गेलं नाही, पैसे कापता येतात का?

प्रश्न : वकीलसाहेब, पुण्यात जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. ऑनलाइन फ्रंट लोड वॉशिंग मशीन मागवलं. रुंदी 60 सेंटिमीटर लिहिली होती, आमच्या लिफ्टचं दार 63. तरी खोकं आत गेलं नाही. जिन्याने न्यायला डिलिव्हरीच्या पोरांनी नकार दिला, मशीन परत गेलं. आता 1500 रुपये कापून उरलेले देतो म्हणतात. हे चालतं का?

उत्तर : लिहिलेली रुंदी उघड्या मशीनची असते. थर्माकोल आणि पुठ्ठा धरून खोकं सहज पाच-सहा सेंटिमीटरने वाढतं, तिथेच ते अडकलं. माप खरं होतं आणि मशीनही धड होतं, त्यामुळे ‘सदोष माल’ म्हणून भांडू नका, ते टिकणार नाही. जागा मोजणं हे ग्राहकाचंच काम मानलं जातं.

कपात मात्र वेगळी गोष्ट आहे. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे किंमत दाखवताना पोहोचवण्याचा आणि हाताळणीचा खर्च फोड करून दाखवावा लागतो. शिवाय ऑर्डर रद्द केल्याचा आकार कंपनीला तेव्हाच लावता येतो, जेव्हा ती स्वतः ऑर्डर रद्द करताना तसाच आकार सोसते. म्हणून आधी ऑर्डरच्या वेळच्या अटी उघडून बघा. परतीचा खर्च किंवा ‘जिन्याने नेणार नाही’ हे तिथे नसेल, तर कपातीचा आधार लेखी मागा. नोंद ‘ग्राहकाने नाकारले’ अशी असेल तर आजच ईमेल करा : माल नाकारला नाही, खोकं लिफ्टमध्ये गेलं नाही. लिफ्टच्या दाराला टेप लावलेला फोटो जोडा. उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पण पंधराशेसाठी मी तुम्हाला थेट तिकडे पाठवणार नाही.

पुढचं मशीन घेताना विक्रेत्याकडून खोक्याची लांबी, रुंदी, उंची मागून घ्या. लिफ्टचं जाळीचं दार पूर्ण सरकवून उरलेली मोकळी जागा मोजा. घरातल्या दाराची चौकट मोजून भागत नाही. दार नव्वद अंशांत उघडलं तरी फळीची जाडी तीन-एक सेंटिमीटर खाते, आणि उचलणाऱ्यांच्या बोटांनाही जागा लागते. फारच ओढाताण असेल तर फळी बिजागरीतून काढता येते. ड्राय बाल्कनीत मशीनमागे पाइपसाठी थोडी जागा सोडा. मशीनच्या खोलीच्या, म्हणजे डेप्थच्या, आकड्यात पुढे आलेलं काचेचं दार धरलंय का, तेही विचारा.

ही मापं पैसे भरण्याआधी व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि विचारा, ‘खोकं जाईल का? गेलं नाही तर खाली उघडून मशीन वर न्याल का?’ ‘हो’ असं लेखी आलं की तो सौद्याचाच भाग झाला. मग अडलं तर नियमातला ‘ठरल्याप्रमाणे नसलेला माल’ हा मुद्दा तुमच्या बाजूने मांडता येतो.