‘आमच्या घरात’ की ‘आपल्या घरात’?

प्रश्न : दादा-वहिनींना लवकरच बाळ होणार आहे. शुभेच्छापत्र मी आताच लिहून ठेवते आहे. ‘पुत्र/कन्याप्राप्तीबद्दल हार्दिक अभिनंदन व नव्या पाहुण्याचे आमच्या घरात स्वागत’ असा मजकूर सुचला, पण तो बाळाला उद्देशून वाटत नाही. काय बदलावे?

आपल्या मजकुरात व्याकरणाची चूक एकही नाही. तरीही त्यात बाळ कुठेच बोलण्याच्या कक्षेत येत नाही, आणि त्याला तीन शब्द कारणीभूत आहेत.

पहिला ‘प्राप्ती’. पुत्रप्राप्ती, कन्यारत्नाचा लाभ हे शब्द रूढ आणि भारदस्त असले, तरी त्यांत आईवडील मिळवणारे आणि बाळ मिळालेली गोष्ट ठरते. आईवडिलांचे अभिनंदन करण्यासाठी ‘आईबाबा झाल्याबद्दल’ एवढे पुरते, आणि मग तिरकी रेघ देऊन दोन पर्याय लिहिण्याची वेळही येत नाही. दुसरा शब्द ‘पाहुणा’. तो कौतुकाने वापरला जातो हे खरे, पण पाहुणा म्हटला की त्याचे परत जाणे गृहीत असते. जे बाळ राहायलाच येते आहे, त्याच्यासाठी मी तरी हा शब्द निवडणार नाही.

तिसरा शब्द ‘आमच्या’, आणि खरी मेख इथेच आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळलेला असतो, ‘आपण’ म्हणताना तो धरलेला असतो. ‘आम्ही जेवायला बसतो’ आणि ‘आपण जेवायला बसू’ यांतला फरक लहान मुलालाही कळतो. त्यामुळे ‘आमच्या घरात तुझे स्वागत’ या वाक्यात बाळाला दार उघडले जाते, पण घर मात्र आमचेच राहते. ‘आपल्या घरात’ म्हटले की त्याच क्षणी ते घर बाळाचेही होते. आपण त्याच घरातल्या आहात, म्हणून हा शब्द आपल्याला शोभेल. सहकाऱ्याने किंवा शेजाऱ्याने लिहिताना ‘आपल्यात’ असे म्हणावे.

इथे एक सावधगिरी हवी. ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. पत्राच्या पहिल्या ओळीत आईवडिलांना ‘आपले अभिनंदन’ म्हटले, तर पुढचे ‘आपले घर’ त्यांचे की सगळ्यांचे, असा घोटाळा होतो. म्हणून त्यांच्यासाठी ‘तुमचे’ वापरावे आणि ‘आपले’ हा शब्द बाळासाठी राखून ठेवावा.

आता बाळाशी थेट बोलायचे, म्हणजे नवे वाक्य, ‘बाळा’ ही हाक आणि ‘तू’. पण जन्माआधी लिहायचे असल्याने लगेच अडचण येते : ‘तू आलास’ की ‘तू आलीस’? ‘बाळ आले’ असे तृतीयपुरुषी नपुंसकलिंग सहज चालते. ‘तू आलेस’ हे रूप मात्र हाक मारून बोलताना मला अवघडलेले वाटते. सुदैवाने त्यातून सुटण्याची वाट मराठीतच आहे. भूतकाळी सकर्मक क्रियापद सहसा कर्त्याच्या लिंगाकडे पाहत नाही. ‘तू आम्हाला आनंद दिलास’ यातले ‘दिला’ हे रूप पुल्लिंगी ‘आनंद’मुळे येते, तर ‘स’ ‘तू’मुळे, बाळ मुलगा असो वा मुलगी, वाक्य तेच राहते. ‘तू मला आत्या केलेस’ हेही तसेच. भविष्यकाळातले ‘येशील’ आणि आज्ञार्थातले ‘ये’ ही रूपेही लिंगानुसार बदलत नाहीत. विशेषणे मात्र जपून निवडावीत : ‘लाडका’, ‘लाडकी’ अडवतात, ‘गोड’, ‘सुखी’ अडवत नाहीत.

राहिला ‘स्वागत’. सु आणि आगत, म्हणजे ‘आलेले बरे झाले’, असा त्याचा मूळ अर्थ आहे. (‘सुस्वागत’मध्ये ‘सु’ दोनदा येतो, त्याची गरज नाही.) शब्द सुंदर आहे, पण घरचे माणूस दारात आले की आपण त्याचे ‘स्वागत’ करत नाही, त्याला ‘ये’ म्हणतो. आत्याने भाच्याला किंवा भाचीला तेच म्हणावे.

शेवटच्या ओळीत आणखी एक शब्द सुचवतो. ‘तुम्हा दोघांना शुभेच्छा’ऐवजी ‘तिघांना’ लिहा. ‘तिघे’ हा शब्द माणसेच मोजतो, आणि त्या मोजणीत बाळ धरले जाते. (जुळी असतील तर ‘बाळांनो, या’ आणि ‘चौघांना’, ‘बाळांनो’मधल्या ‘नो’वर अनुस्वार नको.) हे सगळे एकत्र केले की मजकूर असा होतो :

‘दादा, वहिनी, आईबाबा झाल्याबद्दल तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. बाळा, ये. हे आपले घर. तू मला आत्या केलेस, याहून मोठा आनंद मला ठाऊक नाही. तुम्हा तिघांना खूप खूप शुभेच्छा.’

‘मनःपूर्वक’मधला विसर्ग तेवढा विसरू नका.