केसतोड, गळू आणि ती ट्यूब

*ताई, मी २४ वर्षांची, कर्वेनगरला पीजीत राहते, रोज गाडीने हिंजवडीला जाते. एरवी खालचे केस रेझरने काढायचे. दोन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदाच पार्लरमध्ये वॅक्स केलं आणि चार दिवसांत बारीक लाल पुळ्या आल्या. रूममेटने दिलेली ट्यूब लावल्यावर खाज गेली, पण पुळ्या परत आल्या. उजव्या जांघेजवळची एक परवा हरभऱ्याएवढी होती, आज बोराएवढी झालीय. ठणकतेय, गाडीवर बसवत नाही. डॉक्टरला कसं दाखवू? आईलाही सांगता येत नाही. सुई गरम करून फोडली तर चालेल का?*

अगं, सुई ठेवून दे आधी. गळू होतं तेव्हा शरीराने पुवाभोवती एक भिंत उभी केलेली असते. बाहेरून दाबलं की ती भिंत आतल्या बाजूने फुटते आणि पू खोल, आजूबाजूला पसरतो. सुईने पडलेलं छिद्र लवकरच बुजतं, पू आतच राहतो. माझ्या एका मैत्रिणीने कॉलेजात असताना हेच केलं होतं. छोट्याशा गळवाचं मोठं झालं, आणि मग तीन आठवडे एक दिवसाआड ड्रेसिंगला जावं लागलं.

तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारीक पुळ्या म्हणजे आपण ज्याला केसतोड म्हणतो त्या. वॅक्सने केस मुळासकट निघतो, मागे उघडं छिद्र राहतं, आणि त्वचेवर एरवी गुपचूप बसलेले जंतू त्यात शिरतात. अशा पुळीच्या टोकावर पिवळा ठिपका असतो आणि त्यातून बहुधा एक केस वर आलेला दिसतो. रेझरचं थोडं निराळं. तिथले केस कुरळे, त्यात कापलेलं टोक धारदार. तो केस उगवताना वळून परत त्वचेतच घुसतो. नीट पाहिलंस तर त्वचेखाली केसाचं काळं वेटोळं दिसतं आणि पू सहसा नसतो. हे दोन्ही प्रकार केस काढणं थांबवलं की बहुतेक वेळा आपोआप शमतात. म्हणून महिनाभर ना रेझर, ना वॅक्स, ना चिमटा.

ती बोराएवढी गाठ मात्र गळू आहे. दोन दिवसांत एवढी वाढली आणि बसणं मुश्कील झालं, म्हणजे घरच्या उपायांची वेळ सरली. उद्याच डॉक्टरकडे जा.

आज रात्रीपासून शेक मात्र सुरू कर. स्वच्छ सुती रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळ आणि गाठीवर हलकेच ठेव. निवला की परत बुडव. असं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पाण्याची उष्णता मनगटावर आधी पाहून घे, तिथली त्वचा पटकन भाजते. शेकाने रक्तपुरवठा वाढतो, ठणका कमी होतो आणि पू एका जागी येतो. आपोआप फुटलं तर फुटू दे. वर कोरडी गॉझ ठेव, हात साबणाने धू, तो रुमाल पुन्हा वापरू नकोस. कांद्याचं नाहीतर पिठाचं पोटीस नको, आणि बाटलीतलं जंतुनाशक तसंच कच्चं लावू नकोस, त्याने नाजूक त्वचा सोलवटते.

झोपण्याआधी बॉलपेनने लालीच्या कडेने एक रेघ मार. सकाळी लाली रेघेबाहेर गेलेली दिसली, जांघेतून वर लाल पट्टे दिसले, ताप किंवा थंडी भरून आली, तर ओपीडीची वाट बघू नकोस, तडक जा. आणि वरून फारसं काही दिसत नसताना वेदना असह्य झाली, किंवा त्वचा काळपट-जांभळी पडू लागली, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात. हे क्वचित होतं, पण त्यात तासातासाला फरक पडतो.

आता त्या ट्यूबविषयी, कारण माझी खरी काळजी तीच आहे. खोक्यावरची बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन असं काही दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. मेडिकलमध्ये 'खाजेची ट्यूब' म्हणून मिळणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. स्टेरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, त्यामुळे औषध लागू पडलं असं वाटतं. पण त्याच वेळी तिथल्या त्वचेची लढायची ताकदही दबते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. जांघेची त्वचा पातळ, तिथून औषध जास्त शोषलं जातं. महिनोन् महिने लावलं तर पोटावर बाळंतपणानंतर दिसतात तसे पांढरे चट्टे पडतात, ते जात नाहीत. तू थोडेच दिवस लावलंयस, घाबरू नकोस. आजपासून बंद कर आणि ट्यूब सोबत ने.

कुणाला दाखवायचं? त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जन. खासगी परवडत नसेल तर ससूनला त्वचारोगाची ओपीडी आहे. गाठ केसांच्या भागात नसून योनीच्या तोंडाशी, खालच्या बाजूला असेल तर ती तिथल्या ग्रंथीची असू शकते, मग स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. काउंटरवर "जांघेत गळू झालंय" एवढं सांगितलंस की पुरे. लेडी डॉक्टर किंवा निदान सिस्टर सोबत हवी असं स्पष्ट म्हण. आईलाही हेच चार शब्द सांग. कशाने झालं हे सांगायलाच हवं असं नाही.

डॉक्टर दोन बोटांनी गाठ दाबून पाहतील. कडक लागली तर शेक आणि कदाचित गोळ्या. आत पाणी भरल्यासारखी मऊ लागली तर भूल देणारं इंजेक्शन देऊन छोटासा छेद घेतील आणि पू काढतील. ठणका तिथल्या तिथे उतरतो. साठलेल्या पुवापर्यंत रक्त पोचत नाही, म्हणून गोळीही नीट पोचत नाही. "नुसत्या गोळ्या द्या" असा हट्ट धरू नकोस. रक्तातली साखर तपासायला सांगितली तर तपास, विशेषतः घरात कुणाला मधुमेह असेल तर.

अशी गळवं सहा महिन्यांत दोन-तीनदा जांघेत किंवा काखेत झाली, बरी होताना दोरीसारखे व्रण राहिले, तर तो केसांच्या मुळांचा वेगळा, दीर्घकाळचा आजार असू शकतो. त्याचा अस्वच्छतेशी संबंध नाही आणि उपचार लवकर सुरू झाले तर व्रण कमी राहतात. त्वचारोगतज्ज्ञाला तसं विचार.

पुढे केस काढायलाच हवेत असं नाही. वैद्यकीय गरज तर मुळीच नाही. तुला आवडत असेल तर ट्रिमरने थोडे राखून कापणं सगळ्यात सुरक्षित, कारण टोक त्वचेच्या आत जात नाही. रेझरच हवा असेल तर आंघोळीच्या शेवटी केस मऊ झाल्यावर, नवं ब्लेड, केस वाढतात त्याच दिशेने, त्वचा न ताणता, एकदाच फिरव. रूममेटचा रेझर नको, टॉवेलही वेगळा. आणि घट्ट जीन्स, वरून रेनकोटची पँट घालून तासभर ट्रॅफिकमध्ये बसायचं असेल त्याच्या आदल्या रात्री तर नकोच, घामाने आणि घासण्याने सगळं पुन्हा सुरू होतं.

उद्या सकाळी सैल सलवार घाल आणि रिक्षाने जा, गाडी पार्किंगमध्येच राहू दे.