छोटा मेसेज तुटक का वाटतो

प्रिय,

तू पाठवलेले मेसेज नीट वाचले. तुझं म्हणणं असं की लांब लिहिलं तर टीममध्ये कोणी वाचत नाही आणि थोडक्यात लिहिलं तर माणसं दुखावतात. म्हणून तू मध्ये मध्ये 'जरा', 'प्लीज', 'वेळ मिळाला तर' आणि एखादा हसरा चेहरा पेरतोस, आणि काम तरीही अडतंच. मला वाटतं, दुरुस्ती चुकीच्या जागी चालली आहे. मेसेज लहान आहे म्हणून तुटक वाटत नाही. वाचणाऱ्याला जे कळायला हवं ते त्यात नसतं म्हणून वाटतो. कारण सांगितलं नाही की विनंती हुकमासारखी ऐकू येते आणि काम केवढं आहे ते सांगितलं नाही की त्याची धास्ती वाटते.

तुझा अहवालाचा मेसेजच घेऊ. आधी नुसतं 'हाय'. दहा मिनिटांनी 'आहेस का?'. मग पंधरा मिनिटांनी 'ते रिपोर्टचं जरा बघशील का प्लीज, आज हवं होतं' आणि शेवटी हसरा चेहरा.

आता हे तुझ्या सहकारिणीच्या बाजूने बघ. ती दुसऱ्या कामात असताना पडद्यावर 'हाय' उमटलं. हातातलं सोडून उत्तर द्यावं की थांबावं, हे ठरवायलाही तिच्याकडे काही नाही. खरी मागणी आली तेव्हा 'ते' म्हणजे कोणतं, 'बघायचं' म्हणजे नुसतं वाचायचं, तपासायचं की दुरुस्त करायचं, आणि 'आज' म्हणजे कितीपर्यंत, यातलं काहीच तिला कळलं नाही. त्यात 'हवं होतं'. तू ते नरमाईने लिहिलंस, पण वाचताना ते 'तुला उशीर झालाय' असं वाटतं. हसऱ्या चेहऱ्याने ते पुसलं जात नाही.

तुला नेमकं काय हवं होतं ते तू मला नंतर सांगितलंस. तेच आता लिहून बघू:

'मार्चच्या अहवालातल्या तक्ता ३ मधले परताव्याचे आकडे आज ४ वाजेपर्यंत तपासून देशील का? ५ वाजता फाइल ग्राहकाकडे जायची आहे. शेवटचे दोनच रकाने बघायचे आहेत, बाकीचे जुळले आहेत. जमणार नसेल तर २ पर्यंत सांग, मी तो तक्ता वगळून पाठवतो आणि नंतर वेगळा देतो.' आणि खाली फाइलची लिंक.

यात 'प्लीज' नाही, 'जरा' नाही, तरी हे वाचून कोणी दुखावणार नाही. काय मागितलं आणि कधीपर्यंत, हे पहिल्याच वाक्यात आहे, कारण सूचनेच्या पट्टीवर बहुतेक वेळा सुरुवातच दिसते आणि माणूस तेवढ्यावरून ठरवतो की आत्ता उघडायचं की नंतर. ५ वाजताचं कारण कळल्यावर ४ ची वेळ लहरीने ठरवलेली वाटत नाही. 'दोनच रकाने' या शब्दांनी अख्खा अहवाल वाचावा लागेल ही धास्ती जाते. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते शेवटचं वाक्य. नाही म्हणायची जागा ठेवली की विनंती खरोखर विनंती होते. शिवाय तुझाही फायदा आहे. नकार आलाच तर तो २ ला येतो, ४ ला नाही.

मात्र ती जागा खरी असेल तरच लिही. काम आजच व्हायला हवं असेल तर 'जमलं तर बघ' लिहू नकोस, कारण समोरचा माणूस ते खरं मानून उद्यावर टाकेल. तेव्हा स्पष्ट लिही: 'हे आजच लागणार आहे. यासाठी तुझं दुसरं कोणतं काम मागे ठेवावं लागेल ते सांग, ते काम ज्यांचं आहे त्यांच्याशी मी बोलतो.' हे ठाम आहे, पण तिच्या अडचणीची दखल घेतलेली आहे.

'हाय' लिहायचं असेल तर लिही, पण त्याच मेसेजमध्ये पुढे कामही येऊ दे. वरिष्ठांना लिहिताना 'देशील का'चं 'द्याल का' होईल, बाकी रचना तीच. आदर दाखवायला प्रस्तावना लांबवावी लागत नाही.

तुला वाटतं की आपला सूर लोकांना कळतो. लिहिताना तो आपल्या कानात वाजत असतो, म्हणून तसं वाटतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रूगर, एपली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात लोकांनी काही वाक्यं उपरोधाने आणि काही सरळपणे लिहून ईमेलने पाठवली. सुमारे ७८ टक्के वेळा आपला सूर ओळखला जाईल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळाच ओळखला गेला, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंच बरं. म्हणून टीमच्या चॅटमध्ये उपरोध नकोच, आणि मऊपणाही सुरावर सोडू नकोस. तो वाक्यात उतरू दे.

उत्तर देतानाही हीच गोष्ट. कोणी काम सांगितल्यावर नुसतं 'ओके' आलं तर ते वाचलं, पटलं की करतो, यातलं काय समजायचं? त्यापुढे पूर्णविराम दिलास तर आणखी कोरडं वाटतं. २०१६ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात पूर्णविरामासह आलेलं एका शब्दाचं उत्तर लोकांना कमी मनापासूनचं वाटलं. तोच मजकूर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत होता तेव्हा हा फरक दिसला नाही. ते इंग्रजीतलं होतं, तरी मराठी चॅटमधलं 'बरं.' मलाही रुसल्यासारखं वाटतं. 'मिळालं, ४ पर्यंत देतो' एवढं लिही. काही सेकंद जास्त जातात, पण समोरच्याला पुन्हा विचारावं लागत नाही.

ग्रुपमध्ये 'कोणी बघेल का?' असं विचारू नकोस. प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघेल. एकाचं नाव घे. आणि स्लॅकवर `@channel` वापरलंस तर त्या चॅनलमधल्या सगळ्यांना सूचना जाते, `@here` ने त्या वेळी सक्रिय असलेल्यांनाच. एका माणसाच्या कामासाठी दोन्ही नकोत.

आठवण करून देणं तुला सगळ्यात अवघड जातं, हे दिसतंय. तू दोन प्रश्नचिन्हं पाठवतोस किंवा 'काय झालं?' विचारतोस. दोन्हींमध्ये नवीन काही नाही, फक्त दबाव आहे. आठवणीत काहीतरी पुढे सरकलेलं असू दे: 'बाकीचा अहवाल तयार आहे, फक्त तक्ता ३ राहिलाय. ४:३० पर्यंत आकडे आले तर घालतो, नाहीतर तक्ता वगळून पाठवतो.' यात तिच्यावर आरोप नाही आणि तुझं कामही थांबून राहत नाही. मात्र हे लिहिलंस की ४:३० ला खरंच तसं कर. एकदा वाट बघत बसलास तर पुढच्या वेळी तू दिलेली वेळ कोणी मनावर घेणार नाही.

आणि एखाद्याच्या कामातली चूक सांगायची असेल, किंवा त्याच मुद्द्यावर तिसऱ्यांदा खुलासा लिहायची वेळ आली, तर टाइप करणं थांबव. 'दहा मिनिटं बोलू या का? तक्ता ३ बद्दल' असं विचार आणि फोन कर. विषय मात्र आधीच लिही. नुसतं 'बोलायचं आहे' वाचून समोरचा माणूस फोन येईपर्यंत काळजी करत बसतो. बोलून झालं की ठरलेलं दोन ओळींत त्याच धाग्यात टाक, म्हणजे त्या वेळी तिथे नसलेल्यांनाही कळेल.

सस्नेह