दाखले, मोबाईल आणि एकच पीडीएफ

सहा दाखले एकाच पीडीएफमध्ये मागितलेत आणि मर्यादा १ एमबीची आहे. माझी फाईल ११ एमबीची होते. कॉम्प्रेस केली की आसन क्रमांकसुद्धा वाचता येत नाही. काय करू?
– विद्यार्थिनी, बार्शी

फाईल नंतर पिळून लहान करायची वेळ येऊच नये. ती फोटो काढतानाच लहान व्हायला हवी. तुमचे सहा दाखले म्हणजे पानं किती, ते आधी मोजा. गुणपत्रिका आणि जातीचा दाखला पाठपोट असतील तर आठ पानं झाली. १ एमबी म्हणजे १०२४ केबी. म्हणजे सरासरीने एका पानाच्या वाट्याला सव्वाशे केबी येतात. पण सगळ्या पानांना सारखाच वाटा लागत नाही. पांढऱ्या कागदावर काळा मजकूर असलेली पाच पानं राखाडी किंवा काळ्या-पांढऱ्या फिल्टरमध्ये साधारण साठ-साठ केबीत बसतात, त्यांचे झाले तीनशे. उरलेल्या तीन पानांवर नक्षी, फोटो, निळा शिक्का आहे. ती रंगीतच ठेवा आणि प्रत्येकी दोनशे धरा. एकूण नऊशे केबी, मर्यादेत. स्कॅनिंगच्या बहुतेक ॲपमध्ये प्रत्येक पानाला वेगळा फिल्टर लावता येतो. लोक मात्र सगळ्या पानांना एकच लावून मोकळे होतात.

दुसरं म्हणजे उजेड. अंधूक खोलीत काढलेल्या फोटोत बारीक दाणे येतात. डोळ्याला ते जाणवत नाहीत, पण फाईलच्या हिशेबात प्रत्येक दाणा म्हणजे जपायचा तपशील. त्यामुळे तोच दाखला रात्री बल्बखाली काढला तर फाईल मोठी होते आणि अक्षर मात्र पुसट येतं, म्हणजे दोन्हीकडून तोटा. सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट पडत नाही अशा जागी काढा. कागदाखाली गडद रंगाची साधी चादर हवी. पांढऱ्या फरशीवर पांढरा कागद ठेवला तर ॲपला कडा सापडत नाहीत, मग फरशीच्या फटीही दाखल्यात येतात. फोन थोडा वर धरून दीडपट-दुप्पट झूम करा, म्हणजे तुमची सावली कागदावर पडत नाही आणि कोपरेही ताणले जात नाहीत.

इतकं करूनही मर्यादा ओलांडली तर कॉम्प्रेस एकदाच करा, आणि तेही मूळ फाईलवर. एकदा दाबलेली फाईल पुन्हा दाबली की अक्षरांभोवती चौकोनी ठिपके जमतात. तुमचा आसन क्रमांक बहुधा तिथेच बुडाला. रिझोल्यूशन निवडता येत असेल तर १५० डीपीआय घ्या. ए-४ पानासाठी ते साधारण १२४० बाय १७५४ पिक्सेल होतात. छापील मजकुराला तेवढं पुरतं. शेवटी फाईल उघडून सगळ्यात बारीक आकडा बोटांनी मोठा करून बघा. ३ आणि ८ वेगळे ओळखता आले तर फाईल पाठवायला हरकत नाही.

जात पडताळणीसाठी आजोबांचा जुना शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा आहे. कागद तपकिरी झालाय, शाई फिकी आहे. स्कॅन केला की निम्मं पान काळं येतं.
– शेतकरी, परळी वैजनाथ

काळ्या-पांढऱ्या फिल्टरचा हा दोष. तो प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न विचारतो, काळा की पांढरा? नव्या कागदावर उत्तर सोपं असतं. तुमच्या दाखल्यात कागद आणि शाई यांच्यात फरकच थोडा उरलाय, म्हणून डागही काळे होतात आणि फिकी अक्षरं पांढऱ्यात विरतात. वर गोल शिक्का असेल तर तोही अर्धा गायब होतो. पडताळणीत वजन असतं ते नेमकं या जुन्या नोंदींना. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहतात, तेव्हा तारीख आणि शिक्का दिसलाच पाहिजे.

म्हणून हे पान रंगीतच ठेवा. ‘ऑटो’सुद्धा नको, कारण ते कागद पांढरा करायच्या नादात शाई खाऊन टाकतं. फिल्टरच नको म्हणा, आणि फार तर कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा. या एका पानाला तीनशे-साडेतीनशे केबी लागले तर लागू द्या, बाकीच्या पानांत काटकसर करा. घडीवर फाटायला आलेला कागद हाताने ताणून सपाट करू नका. वर स्वच्छ काच ठेवा आणि उजेड बाजूने येऊ द्या. मोबाईलचा फ्लॅश लावलात तर काचेत पांढरा गोळाच दिसेल. स्कॅन झाल्यावर मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा, लॅमिनेशन करू नका. चिकटवल्यावर तो पुन्हा सुटा होत नाही.

लॅमिनेट केलेल्या गुणपत्रिकेवर ट्यूबलाईटची पांढरी रेघ येते.
– पालक, डोंबिवली

ट्यूब बंद करा, खिडकी एका बाजूला घ्या आणि पान हळूहळू फिरवत राहा, एका कोनात रेघ कागदाबाहेर जाते. तसं जमेना तर फोन थोडा तिरपा धरून काढा, ॲप कडा सरळ करून देतं. वरची बाजू किंचित ताणल्यासारखी दिसली तर चालेल, पण चकाकीने झाकलेला गुण परत आणता येत नाही.

उत्पन्नाचा दाखला ऑनलाईन मिळालाय, त्यावर डिजिटल सही आहे. प्रिंट काढून स्कॅन करू, की आहे तसाच जोडू? सहीजवळ पिवळं प्रश्नचिन्ह दिसतंय, दाखला खोटा तर नाही ना?
– नोकरदार, अकोला

प्रिंट काढून स्कॅन करायची गरज नाही. डिजिटल सही त्या फाईलमध्येच असते. कागदावर उतरतं ते फक्त तिचं चित्र, त्याची तपासणी होत नाही. अर्जात या दाखल्यासाठी वेगळा रकाना असेल तर डाऊनलोड झालेली फाईल जशीच्या तशी चढवा. सगळं एकाच पीडीएफमध्ये मागितलं असेल तर अडचण वेगळी आहे. फाईली जोडल्या की जोडणारं ॲप नवी फाईल लिहितं आणि सही तुटते. त्याला इलाज नाही. अशा वेळी फोनमधल्या प्रिंटच्या पर्यायातून ‘पीडीएफ म्हणून जतन’ करून ते पान जोडा. त्यावरचा बारकोड क्रमांक स्वच्छ वाचता आला पाहिजे, कारण मग पडताळणी त्या क्रमांकावरूनच होईल. मूळ फाईल जपून ठेवा, कागदपत्र तपासणीच्या वेळी ती मागू शकतात.

पिवळ्या प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच, की तुमच्या यंत्राने ती सही अजून तपासलेली नाही. दाखला खोटा आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. फोनवर बहुतेक ठिकाणी ही तपासणी होतच नाही. संगणकावर ॲडोब रीडरमध्ये सहीवर क्लिक करून तिचं प्रमाणपत्र विश्वसनीय म्हणून नोंदवलं की हिरवी खूण येते. ई-आधारची फाईल जोडताना ॲप नकार देतं ते मात्र पासवर्डमुळे. पासवर्ड टाकून उघडा आणि वरच्यासारखीच नव्याने जतन करा.

फाईल मर्यादेत असूनही ‘इनव्हॅलिड फाईल’ येतं. आयफोन आहे.
– विद्यार्थी, पणजी

दोनच शक्यता बघा. आयफोनचा फोटो मुळात `.heic` असतो. नाव बदलून शेवटी `.jpg` लिहिलं तरी आतली फाईल तीच राहते आणि पोर्टल ते ओळखून ती नाकारतं. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. नाहीतर नोट्समधल्या स्कॅनने थेट पीडीएफच करा. दुसरी शक्यता नावाची. मराठी अक्षरं, कंस, मोकळी जागा किंवा दोन टिंबं असलेलं नाव बरीच पोर्टलं नाकारतात. `domicile.pdf` इतकं साधं नाव ठेवा आणि मग पुन्हा चढवून बघा.