कागद एक, वर्णन दुसरं : वाचकांची प्रश्नोत्तरे

आबांच्या शेताचं मोडीतलं खरेदीखत पाठवलं होतं. मराठी करून द्यायचं सोडून तुम्ही मलाच प्रश्न का विचारला? (नंदुरबार)

ताई, फोटोत मोडी नाही. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि अक्षरं तिला टांगत जातो. तुमच्या कागदावर अक्षरांच्या डोक्यावर रेघच नाही. लिपी गुजराती आहे, भाषाही गुजराती. नंदुरबारकडे जुन्या पेढ्यांचे असे कागद निघतात.

नुसती लिपी वेगळी असती तर मी थांबलो नसतो. पण खरेदीखतात चतु:सीमा लागते, किंमत लागते, साक्षीदार लागतात. इथे यातलं काहीच नाही. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला उधार आणि खाली बाकी, म्हणजे हा हिशेबाचा कागद आहे. अशा वेळी खरेदीखत मनात धरून वाचायला बसलं की रकमेचा आकडा सर्व्हे नंबर वाटू लागतो. गुजराती आकडे बरेचसे आपल्यासारखेच असल्याने चूक लक्षातही येत नाही.

वर १९६७ आहे. मराठी कागद समजून शके धरलं आणि ७८ मिळवले तर २०४५ साल येतं, जे अजून उजाडायचं आहे. तो विक्रम संवत आहे. गुजराती संवत दिवाळीनंतर बदलतो. कागदावर आसो, म्हणजे आपला आश्विन, हा त्या वर्षाचा शेवटचा महिना आहे, म्हणून ५६ वजा करायचे : १९११. कार्तिकातला कागद असता तर ५७ वजा करून १९१० आलं असतं.

म्हणून तारीख आणि कागदाचा प्रकार कळवला आणि एवढंच विचारलं, की घरात याच कागदाला खरेदीखत म्हणतात, की फोटो दुसऱ्याच कागदाचा आला? पहिलं असेल तर हिशेब वाचून देतो, मात्र तो मालकीचा पुरावा म्हणून कुठे लावू नका. दुसरं असेल तर पेटी पुन्हा उघडा.

फारसी सनद म्हणून पाठवली, तुम्ही मात्र न विचारता मोडी म्हणून वाचून दिली. असं कसं? (चोपडा)

फारसी फक्त वरचा शिक्का आहे, मजकूर मोडीत आणि मराठीत आहे. तारखेत ‘इहिदे सितैन मया व अलफ’ आहे. शब्द अरबी, पण तो ११६१ हा जुन्या मराठी कागदांत चालणारा शुहूर सन, म्हणजे इ. स. १७६०-६१. तुम्ही सांगितलेलं गावाचं आणि वतनदाराचं नाव कागदात जसंच्या तसं सापडलं. कागद तोच होता, फक्त लिपीचं नाव चुकलं होतं. मग अडवून काय उपयोग? वाचनाच्या माथ्यावर मात्र तसं लिहून दिलंय. शिक्का मी वाचलेला नाही, तो फारसी जाणणाऱ्याकडूनच वाचून घ्या.

ओळी उजवीकडून सुरू होतात, म्हणजे उर्दूच ना? (पारोळा)

नाही दादा, स्टॅम्पवरचे इंग्रजी आकडेही उलटे दिसताहेत. फोटो पुढच्या कॅमेऱ्याने काढलाय, म्हणून आरशातल्यासारखा आलाय. मागच्या कॅमेऱ्याने, उजेडात, चारही कोपरे दिसतील असा पुन्हा काढून पाठवा.